‘विशेष’ नंतरची ओळ
(चर्चासत्रातील ओळखीनंतर लिहावयाच्या पत्राविषयी)

चर्चासत्रे आता आपल्या गावाला नवी राहिलेली नाहीत. दोन दिवस निबंध वाचले जातात, अध्यक्षीय समारोप होतो, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी पांगतात. परंतु ज्यांनी अशी पाचपन्नास चर्चासत्रे पाहिली आहेत, त्यांना ठाऊक असते की त्यांतील टिकाऊ भाग पुष्कळदा व्यासपीठावर घडत नाही. चहाचा पेला हाती घेऊन व्हरांड्यात उभे असताना कोणीतरी अनोळखी गृहस्थ एखादे वाक्य बोलून जातो आणि त्या वाक्याने आपल्या दोन वर्षांच्या कामाला नवी दिशा मिळते. प्रश्न पुढचा असतो. त्या वाक्याचे पुढे काय होते? पत्ते लिहून घेतले जातात, आता तर भ्रमणध्वनीचे क्रमांकही घेतले जातात. ‘संपर्कात राहू’ असे उभयपक्षी म्हटले जाते. आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच थांबते. ती पुढे जावयाची असेल, तर दोनचार दिवसांत एक पत्र जावे लागते. ते पत्र कसे असावे, एवढ्याच विषयावर आज लिहावयाचे आहे.

विषय लहान आहे, पण आपल्या भाषेत त्याची पूर्वपीठिका मोठी आहे. आजही आपण पत्राच्या मायन्यात ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे लिहितो. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे त्यांचे पूर्ण रूप. यांतील शेवटच्या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोडी दप्तरांतील पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ‘विशेष’ या शब्दाचे काम माहीत असते. प्रथम ज्याला लिहावयाचे त्याच्या मानाप्रमाणे मायना, नंतर नमस्कार, मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत गेले पाहिजे’ अशा अर्थाचा ठरीव मजकूर, आणि मग ‘विशेष’. हा शब्द म्हणजे उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे शिष्टाचार, पलीकडे काम. वाचणारा कारकून शिष्टाचाराचा भाग डोळ्यांखालून झरझर घाली आणि ‘विशेष’ आला की सावध होऊन वाचू लागे. आपण ती अक्षरे ठेवली आहेत. मात्र त्यांच्यापुढे जी ओळ यावयाची, ती लिहिण्याची शिस्त पुष्कळांच्या हातून सुटली आहे.

त्या पत्रांची दुसरी एक रीत आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. उत्तर लिहिताना लेखक आधी ‘तुमचे पत्र पावले, लेखनाभिप्राय अवगत जाहला’ असे म्हणे आणि समोरच्याने काय लिहिले होते ते थोडक्यात परत मांडी. नंतर ‘ऐशियास’ असा शब्द घालून स्वतःचे म्हणणे सुरू करी. आजच्या वाचकाला ही पुनरुक्ती वाटते, पण ती तशी नव्हती. जासूद आठ-पंधरा दिवसांनी पोहोचणार. तोपर्यंत पहिल्या पत्राचा मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात तंतोतंत राहिलेला असेलच असे नाही. शिवाय ‘तुमचे म्हणणे मी असे समजलो’ हे लिहून दिले की, समजण्यात चूक असल्यास ती दुरुस्त करण्याची सोय होई. चर्चासत्रानंतरच्या पत्राची अडचण नेमकी हीच असते. संभाषण तोंडी झालेले असते, त्याची नोंद कोठेही नसते, आणि समोरच्या व्यक्तीने त्या दिवशी आणखी वीसजणांशी बोलणे केलेले असते.

हे सारे एका उदाहरणावरून दाखवितो. उदाहरण माझ्या समोर घडलेले आहे; संबंधितांची नावे मात्र देत नाही.

१६ डिसेंबर २०२३ रोजी वडोदऱ्यात जुन्या घरगुती वह्या आणि जमाखर्च या विषयावर एक लहानसे चर्चासत्र झाले. बेळगावकडील एका महाविद्यालयात शिकविणाऱ्या तरुण प्राध्यापिका बाईंनी तेथे निबंध वाचला. एकोणिसाव्या शतकातील घरखर्चाच्या मोडी वह्यांतून धान्याचे भाव आणि त्यांसाठी वापरलेले शब्द त्या गोळा करीत आहेत. त्यांच्यापाशी दख्खनमधील एका घरातली १८२३-२४ सालची वही होती आणि तिला जोड म्हणून त्याच काळातील दुसऱ्या घरची वही त्या शोधीत होत्या. चहाच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्यापाशी आले. त्यांचे मूळ घर नाशिक जिल्ह्यात. तीन पिढ्यांपासून कुटुंब वडोदऱ्यास स्थायिक. गावच्या वाड्यातून आणलेला कागदांचा एक रुमाल त्यांच्या कपाटात आहे आणि त्यात एक खर्चाची वही आहे, असे त्यांनी सांगितले. वहीच्या पहिल्या पानावर ‘सन १२३३’ असे आहे आणि ते फसली साल असल्याने वही १८२३ ची ठरते, असे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते. बाईंना अर्थातच आनंद झाला. पण त्यांनी लगेच एक शंका काढली की हे साल फसली नसून सुहूरही असू शकेल. तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली. जाता जाता गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली. येत्या उन्हाळ्यात ते मुलाकडे लहान सदनिकेत राहावयास जाणार होते आणि ‘हे सगळे तेथे कोठे ठेवायचे’ हा घरात प्रश्न होता.

या शंकेचे स्वरूप येथे समजावून सांगितले पाहिजे, कारण पत्राचे सारे बळ त्यातच आहे. फसली आणि सुहूर ही दोन्ही साले दख्खनच्या कागदांत आढळतात आणि दोन्ही मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतात. पण त्यांचे आकडे निरनिराळे चालतात. दख्खनी फसली सालात ५९० मिळविले की ते ज्या जूनमध्ये सुरू झाले ते इसवी सन मिळते. सुहूर सालात ५९९ मिळवावे लागतात. म्हणजे १२३३ हा आकडा फसली असेल तर ते वर्ष जून १८२३ पासूनचे, आणि सुहूर असेल तर जून १८३२ पासूनचे. नऊ वर्षांचा फरक. दरबारी कागदांत सुहूर साल बहुधा आकड्यांत नव्हे, तर अरबी संख्यावाचक शब्दांत येते. १२३३ असेल तर ‘सलास सलासीन मयातैन व अलफ’ असे. तेथे घोटाळा होत नाही. घरगुती वहीत मात्र लिहिणारा स्वतःपुरते लिहितो आणि नुसते ‘सन १२३३’ एवढ्यावर भागवितो.

निर्णय करण्याचा एक सोपा मार्ग आहे. अशा वह्यांत कोठेतरी, बहुधा पाडव्याच्या किंवा एखाद्या सणाच्या नोंदीशी, शके आणि संवत्सराचे नाव येते. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने नऊ वर्षांच्या अंतराने तेच नाव येऊ शकत नाही. शके १७४५, म्हणजे १८२३-२४, या वर्षी दख्खनच्या पद्धतीप्रमाणे सुभानु संवत्सर होते. शके १७५४, म्हणजे १८३२-३३, या वर्षी नंदन. वहीतील आरंभीच्या नोंदी श्रावणातील आहेत, असे गृहस्थांनी सांगितले होते. श्रावण हा पाडव्यानंतरचा आणि मृगानंतरचाही महिना. त्यामुळे शकाचे आणि या सालाचे वर्ष तेथे एकमेकांत गुंतत नाहीत. तेव्हा श्रावणाच्या आसपास ‘सुभानु’ सापडले तर साल फसली, ‘नंदन’ सापडले तर सुहूर. पाच मिनिटांत निकाल लागावा असा प्रश्न. पण वही कपाटात आणि ती उघडणारे हात दुसऱ्याचे.

रात्रीच्या गाडीने बेळगावकडे परत निघण्यापूर्वी बाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर चार ओळी टिपून ठेवल्या: कोण भेटले, कोठे, त्यांनी कोणते शब्द वापरले, आपण काय विचारले. हे टिपण त्याच दिवशी व्हावे लागते. दुसऱ्या दिवशी आपले स्वतःचे बोलणे आठवते, समोरच्याचे आठवेनासे होते. आणि पत्रात नेमके समोरच्याचे बोलणे हवे असते. घरी पोहोचल्यावर त्यांनी पत्राचा मसुदा केला आणि सत्राचा अध्यक्ष या नात्याने माझी ओळख झालेली असल्याने तो मला वाचून दाखविला.

पहिला मसुदा भाषेच्या दृष्टीने निर्दोष होता. ‘आपल्यासारख्या इतिहासप्रेमी व व्यासंगी व्यक्तीची भेट हा माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय योग होय’ असा त्याचा आरंभ. मग आपल्या संशोधनाचा परिचय एक पानभर. शेवटी ‘आपल्या संग्रहातील कागद पाहावयास मिळाल्यास मी ऋणी राहीन, आपले मार्गदर्शन सदैव लाभावे’. हे पत्र वाचून ते गृहस्थ संतोष पावले असते आणि त्यांनी ते कपाटात ठेवून दिले असते. कारण त्यात त्यांनी करावे असे काहीच नव्हते. ‘कागद पाहावयास मिळाल्यास’ म्हणजे काय? त्यांनी वही टपालाने पाठवावी? बाईंना घरी बोलवावे? की सारा रुमाल सोडून द्यावा? विनंती जितकी मोघम, तितकी ती ऐकणाऱ्याच्या मनात मोठी होत जाते; आणि मोठ्या विनंतीला सभ्य माणूस नकार देत नाही, तो उत्तर लांबणीवर टाकतो. दुसरी गोष्ट अशी की या पत्रातील स्तुती कोणालाही लागू पडली असती. भेट खरोखर याच माणसाशी झाली होती, याची एकही खूण त्यात नव्हती.

त्यावर आमचे बोलणे झाले आणि बाईंनी दुसरे पत्र लिहिले. ते त्यांच्या अनुमतीने येथे देतो.

‘१८ डिसेंबर २०२३

आदरणीय श्री. … काका यांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी वडोदऱ्याच्या चर्चासत्रात दुपारच्या चहाच्या वेळी जिन्यापाशी आपली भेट झाली. धान्याच्या भावांवर निबंध वाचणारी बेळगावकडील प्राध्यापिका ती मी.

आपल्या घरच्या रुमालात खर्चाची एक वही आहे, तिच्या पहिल्या पानावर “सन १२३३” असे आहे, पहिल्या नोंदी श्रावणातील आहेत आणि आपल्या वडिलांच्या मते ते फसली साल आहे, असे आपण सांगितलेत. मी ते सुहूर असू शकेल असे म्हटले, तोच घंटा झाली आणि बोलणे अर्धे राहिले. माझ्या ऐकण्यात काही चूक असेल तर कृपया कळवावे.

आपले बोलणे मनात राहिल्याने मी घरी येऊन पंचांगाचा हिशेब करून पाहिला. फसली १२३३ च्या श्रावणात सुभानु संवत्सर येते, सुहूर १२३३ च्या श्रावणात नंदन. वहीत या दोहोंपैकी एखादे नाव असेल तर आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर की माझी शंका खरी, हे लगेच ठरेल. दोन्ही शब्द मोडीत कसे दिसतील ते सोबतच्या कागदावर लिहून पाठवीत आहे.

एवढीच विनंती आहे की, सवडीने पहिली चारपाच पाने पाहून यांपैकी कोणता शब्द आढळतो ते कळवावे. शक्य झाल्यास त्या एका पानाचे छायाचित्र पाठवावे. शब्द सापडला नाही, तरी तेवढे कळविल्यानेही माझे काम होईल. वही घराबाहेर काढण्याचे कारण नाही, आणि आपल्याला विचारल्यावाचून तिच्याविषयी मी कोठे लिहिणार नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझे वडोदऱ्यास येणे आहे. आपल्याला सोयीचे असेल, तरच त्या वेळी घरी येऊन वही पाहीन.

कळावे, लोभ असावा.
आपली नम्र,
…’

पत्र पावणेदोनशे-दोनशे शब्दांचे आहे. त्याचे एकेक अंग पाहू.

मायन्यात ‘काका’ हा शब्द आहे. व्हरांड्यात बाईंनी त्यांना तशीच हाक मारली होती आणि त्यांनी ती सहज स्वीकारली होती. पत्रात एकदम ‘महोदय’ आले असते तर जुळलेले नाते तुटल्यासारखे झाले असते. उलट प्रत्यक्षात ‘साहेब’ म्हटले असेल आणि पत्रात ‘काका’ आले, तर ती सलगी होते. भेटीत जे संबोधन रुजले तेच पत्रात ठेवावे आणि त्यावर ‘आदरणीय’ किंवा ‘श्री.’ एवढीच लेखी मर्यादा चढवावी, हे बरे.

‘विशेष’ नंतरची पहिली ओळ ओळख पटविण्यासाठी आहे. दिवस, ठिकाण, वेळ आणि ‘जिन्यापाशी’. हा शेवटचा तपशील निरर्थक वाटेल, पण स्मरण स्थळाला बांधलेले असते. नाव वाचून जे आठवत नाही, ते जिना म्हटल्यावर आठवते. स्वतःचा परिचयही समोरच्याने जे पाहिले त्यातून दिलेला आहे: ‘निबंध वाचणारी ती मी’. पदव्या आणि प्रकाशने येथे लागत नाहीत. ती लागलीच तर पुढच्या पत्रात येतील.

दुसरा परिच्छेद म्हणजे जुन्या पत्रांतील ‘लेखनाभिप्राय अवगत जाहला’ याचेच नवे रूप. गृहस्थांनी सांगितलेल्या चार गोष्टी त्यांच्याच क्रमाने परत मांडल्या आहेत. त्यांत ‘आपल्या वडिलांच्या मते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाईंनी ते गाळून ‘आपल्या मते’ असे लिहिले असते, तर माहिती एका पिढीने पुढे सरकली असती आणि एका दिवंगत माणसाचे वाचन दुसऱ्याच्या नावावर गेले असते. तोंडी ज्ञानाची मालकी अशीच नकळत बदलते. ‘ऐकण्यात चूक असेल तर कळवावे’ ही ओळ केवळ विनय नव्हे. ती दुरुस्तीसाठी ठेवलेली जागा आहे. पुढे मतभेद झाला तर हे पत्रच दोघांच्या संभाषणाचा एकमेव लेखी पुरावा असते.

तिसऱ्या परिच्छेदात बाईंनी काही दिले आहे. भेटीनंतर आपण त्या प्रश्नावर एक पाऊल चाललो, हे दाखविल्यावाचून मागणी करू नये. संवत्सरांचा हिशेब हे ते पाऊल. ते लहान आहे, पण त्यामुळे प्रश्न गृहस्थांच्या आटोक्यात आला. त्यांना मोडी जेमतेम लागत होते. सबंध वही वाचणे त्यांच्याने झाले नसते, पण दोन शब्दांची आकृती समोर ठेवून पाने चाळणे शक्य होते. शंकेची मांडणीही पाहण्यासारखी आहे. ‘आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर की माझी शंका खरी’ या वाक्यात दोन्ही बाजू सारख्या तोलल्या आहेत. घरातील जुन्या समजुतीला बाहेरचा माणूस हात घालतो, तेव्हा ती समजूत खरी ठरण्याची वाट उघडी ठेवावी लागते. नाहीतर कपाट बंद होते.

चौथा परिच्छेद हे पत्राचे मर्म. विनंती एक आहे, तिला सीमा आहे आणि तिचे उत्तर एका शब्दात देता येते. छायाचित्र हे ‘शक्य झाल्यास’. ‘सापडला नाही, तरी तेवढे कळविल्यानेही काम होईल’ या वाक्याने नकारात्मक उत्तरालाही प्रतिष्ठा दिली आहे. कारण पुष्कळ उत्तरे ‘सापडले नाही, आता काय लिहावयाचे’ या संकोचानेच अडतात. ‘वही घराबाहेर काढण्याचे कारण नाही’ या एका वाक्याने सर्वांत मोठी भीती दूर केली आहे. अभ्यासासाठी म्हणून नेलेले कागद परत आले नाहीत, अशी हकीकत अनेक घरांत ऐकावयास मिळते. ज्यांच्यापाशी कागद असतात त्यांना ती ठाऊक असते.

त्यानंतरची हमी प्रसिद्धीविषयीची आहे. व्यासपीठावर जे वाचले जाते ते सार्वजनिक होते. चहाच्या वेळी जे बोलले जाते ते तसे नसते. ते वापरावयाचे तर विचारावे लागते, आणि विचारण्याची जागा हे पत्रच होय. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. बाईंनी आत्ताच अनुमती मागितली नाही. विचारल्यावाचून लिहिणार नाही, एवढेच म्हटले. जे अजून हाती आले नाही त्याची परवानगी मागणे घाईचे ठरले असते.

जानेवारीतील भेटीचा उल्लेख शेवटी, आणि तोही ‘सोयीचे असेल, तरच’. पुढच्या पावलाच्याही पुढचे पाऊल दाखवावे, पण पहिल्याची अट म्हणून नव्हे. सदनिकेचा विषय मात्र पत्रात नाही, याकडे लक्ष वेधतो. तो बाईंच्या टिपणात होता आणि मनात तर होताच; उन्हाळ्यापूर्वी कागदांची सोय झाली नाही तर रुमाल रद्दीत जाण्याचा संभव होता. तरीही पहिल्याच पत्रात ‘ते कागद एखाद्या संस्थेला द्या’ असे लिहिणे म्हणजे घराच्या अडचणीत शिरणे झाले असते. तो विषय विश्वास बसल्यावर काढावयाचा.

उत्तर नऊ दिवसांनी आले. गृहस्थांनी नातीच्या मदतीने तीन पानांची छायाचित्रे पाठविली होती आणि खाली एक ओळ लिहिली होती: ‘तुमचा दुसरा शब्द दिसतो.’ तिसऱ्या पानावर नागपंचमीच्या खर्चाच्या वर ‘नंदननाम संवत्सरे’ असे स्वच्छ होते. म्हणजे साल सुहूर आणि वही १८३२ ची. बाईंची जोडी जमली नाही; त्यांच्यापाशी असलेल्या १८२३-२४ च्या वहीशी या वहीतील भाव ताडून पाहणे आता शक्य नव्हते. परंतु त्यांनी भेटीतील शब्दावर विसंबून ती तुलना केली असती, तर नऊ वर्षांच्या अंतराचे भाव एकाच वर्षाचे म्हणून छापले गेले असते. पत्राने त्यांना हवे ते मिळवून दिले नाही, खरे ते मिळवून दिले. जानेवारीत त्या त्यांच्या घरी गेल्या. तेव्हा रुमालाचा विषय गृहस्थांनीच काढला. सारी पाने दिवसाच्या उजेडात, पाठीवर दाब न देता, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रित करावयाची आणि मूळ कागद कोठे ठेवावयाचे ते कुटुंबाने मिळून ठरवावयाचे, असे ठरले. वही आता त्यांच्या मुलाच्या घरी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवलेली आहे.

सर्वच पत्रांना उत्तर येत नाही, हेही सांगितले पाहिजे. उत्तर न आल्यास तीनएक आठवडे थांबून एक स्मरणपत्र लिहावे. त्यात पहिल्या पत्राची प्रत जोडावी, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही; आणि विनंती वाढवू नये, उलट शक्य तर कमी करावी. ‘छायाचित्र राहू द्या, शब्द आढळला की नाही एवढे कळवा’ असे. त्यानंतरही शांतता असेल तर ती उत्तर समजावी. दूरध्वनी करून गाठणे, ओळखीच्या माणसाकडून दबाव आणणे, यांनी कागद एकवेळ मिळतील, पण सहकार्य मिळत नाही.

साधन कोणते वापरावे, असा प्रश्न मला तरुण मंडळी विचारतात. समोरच्याने पत्ता दिला असेल तर टपालाने, ई-पत्ता दिला असेल तर ई-पत्राने, भ्रमणध्वनी दिला असेल तर त्यावरील संदेशाने. ज्या दाराने बोलावले त्याच दाराने जावे. वृद्ध व्यक्तीस टपालाने लिहिताना स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवणे अजूनही उपयोगी पडते. ई-पत्राच्या विषयाच्या ओळीत ‘नमस्कार’ असे न लिहिता ‘आपल्या वहीतील सन १२३३ विषयी’ असे लिहावे. ती ओळ म्हणजेच आजचा ‘विशेष’. भ्रमणध्वनीवर मजकूर आणखी आखूड होतो, पण क्रम तोच राहतो: कोठे भेटलो, आपण काय म्हणालात, त्यावर मी काय पाहिले, आणि आपण एवढे कराल काय.

वडोदऱ्याच्या वाचकांना येथे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची आठवण होणे साहजिक आहे. सयाजीराव महाराजांच्या सेवेत त्यांची कित्येक वर्षे याच गावी गेली. सर जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला आणि पुढे दोघांच्या संपादनाखाली पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्सची माला बाहेर पडली. एक बंगाली, एक मराठी. राहण्याची गावे एकमेकांपासून शेकडो कोस दूर. एवढे मोठे काम दोघांच्या मधोमध उभे राहिले ते कागद, स्थळे आणि तारखा यांच्या देवघेवीवर. अशी देवघेव एका वेळी एका प्रश्नानेच चालते.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे आणि तो सांगून थांबतो. चर्चासत्राहून आल्यावर पत्र लिहावयास बसलो की प्रथम शेवटची विनंती लिहितो. ती एका वाक्यात बसली नाही, किंवा तिचे उत्तर समोरच्याला बसल्या जागेवरून देता येणार नाही असे दिसले, तर पत्राला अजून अवकाश आहे असे समजतो आणि आधी स्वतःच्या प्रश्नावर आणखी एक संध्याकाळ खर्च करतो. विनंती नेमकी झाली की वरच्या साऱ्या ओळी आपोआप जागेवर येतात. त्यांत बहुत काय लिहिणे उरत नाही.